अरबी द्विवचन मराठीत आणताना ‘दोन’ कुठे लिहायचं आणि कुठे गाळायचं?

प्रश्न: प्रमाण अरबीच्या सरावात एक वाक्य आलं: ‘फतहति ल्-मुवज्जफतानि बाबयि ल्-मख्जनि सुम्म अग्लकताहुमा’. मी लिहिलं, ‘दोन कर्मचारी स्त्रियांनी गोदामाचे दोन दरवाजे उघडले आणि मग त्या दोघींनी त्या दोघांना बंद केलं.’ सर म्हणाले, हे मराठी नाही. सगळे ‘दोन’ काढून लिहिलं, तर म्हणाले, अर्थ गेला. इंग्रजीतही तेच झालं. मग नेमकं करायचं काय?

उत्तर:

वाक्यात द्विवचनाच्या खुणा चार आहेत आणि जोड्या फक्त दोन: एक बायकांची, एक दारांची. मराठीला आणि इंग्रजीला जोडीमागे एक शब्द पुरतो. तुम्ही खुणेमागे एक शब्द दिलात, आणि शेवटी दरवाज्यांनाच माणसं करून ‘दोघांना बंद केलं’ अशी वेळ आली. पण कुठली खूण कुठल्या जोडीची हे कळल्याशिवाय कुठला शब्द गाळायचा हे ठरत नाही, म्हणून आधी वाक्य उकलून घेऊ.

‘फतहति’ म्हणजे उघडलं. मूळ रूप ‘फतहत’, शेवटची ‘इ’ फक्त पुढच्या ‘अल्’शी जोडण्यासाठी आलेली. हे स्त्रीलिंगी एकवचन आहे. अरबी क्रियापद कर्त्याच्या आधी आलं तर ते एकवचनातच राहतं; कर्ता बाई की पुरुष एवढंच बघतं, किती जण ते बघत नाही. शाळेत संस्कृत केलेल्यांचा पाय इथे घसरतो. संस्कृतात ‘रामौ गच्छतः’ म्हणा की ‘गच्छतः रामौ’ म्हणा, क्रियापद द्विवचनीच. त्या सवयीने वाचणारा ‘फतहत’ पाहून ‘तिने उघडलं’ असं मनात धरून बसतो आणि पुढच्या शब्दाला अडखळतो.

‘मुवज्जफतानि’ हा पुढचा शब्द. ‘मुवज्जफ’ म्हणजे कर्मचारी, ‘मुवज्जफा’ म्हणजे स्त्री कर्मचारी. शेवटाला प्रत्यय लागला की स्त्रीलिंगाचा लपलेला ‘त’ बाहेर येतो आणि मग द्विवचनाचा ‘आनि’ लागतो. ‘आनि’ हे कर्त्याचं रूप. कर्म असेल किंवा संबंधी रूप असेल तर त्याच जागी ‘ऐनि’ येतं. बोलताना थांबलं की शेवटची ‘इ’ गळते आणि कानावर ‘आन’, ‘ऐन’ एवढंच पडतं.

‘बाबयि’ हा यातला सगळ्यात फसवा शब्द. ‘बाब’ म्हणजे दार. दारं इथे कर्म आहेत, म्हणून रूप हवं होतं ‘बाबैनि’. पण पुढे ‘गोदामाची’ असा संबंध आहे, आणि अरबीत अशा जोडणीत पहिल्या शब्दाच्या द्विवचनाचा ‘न’ गळतो. उरतं ‘बाबय’, आणि पुढच्या ‘अल्’साठी पुन्हा एक जोड-इ. डोळे ‘आन’-‘ऐन’ शोधत असतील तर ही जोडी हमखास सुटते आणि अनुवादात एकच दार उघडतं.

शेवटी ‘अग्लकताहुमा’. ‘अग्लक’ म्हणजे बंद करणं, ‘त’ स्त्रीलिंगाचा, ‘आ’ दोघींचा आणि ‘हुमा’ म्हणजे ‘त्या दोहोंना’. आता कर्ता मागे होऊन गेला आहे, म्हणून या क्रियापदाने संख्या दाखवली. ‘हुमा’मध्ये लिंग नसतं, दोन पुरुष, दोन बायका, दोन दारं, सगळ्यांना तेच. इथे ते दारांकडे जातं हे अर्थावरून ठरतं, रूपावरून नाही.

आता मराठी:

‘दोघी कर्मचाऱ्यांनी गोदामाचे दोन्ही दरवाजे उघडले आणि नंतर बंद केले.’

आणि इंग्रजी: ‘द टू एम्प्लॉईज ओपन्ड बोथ डोअर्स ऑफ द स्टोअररूम, देन क्लोज्ड देम.’

शेवटच्या दोन खुणा, म्हणजे क्रियापदाचा ‘आ’ आणि ‘हुमा’, मराठीत कुठेच दिसत नाहीत आणि त्यांची उणीवही भासत नाही. ‘बंद केले’ हे अनेकवचन दरवाज्यांना धरून आहे. ‘ते’ सुद्धा लिहावं लागत नाही. इंग्रजीला मात्र ‘देम’ सोडवत नाही.

‘दोन’ऐवजी ‘दोघी’ का, हे नीट बघा, कारण इथे मराठीकडे इंग्रजीपेक्षा जास्त सामान आहे. ‘कर्मचारी’ या शब्दात बाई-पुरुष कळत नाही. क्रियापदावरून कळलं असतं, पण ‘-नी’ लागलेल्या वाक्यात क्रियापद कर्त्याला विचारत नाही, ते कर्माशी जुळतं: ‘दरवाजे उघडले’. म्हणजे अरबीत तीनदा सांगितलेली गोष्ट, की या बायका आहेत, मराठीत फक्त ‘दोघी’ या शब्दावर उभी आहे. तिथे ‘दोन कर्मचाऱ्यांनी’ लिहिलं तर संख्या राहते आणि बायका जातात. इंग्रजीत त्या जातातच. ‘विमेन’ हा शब्द वेगळा घालायचा का, हे मजकुरावर ठरवा. त्याच परिच्छेदात पुरुष कर्मचारीही असतील तर घाला. नसतील तर उगाच बाईपणावर बोट ठेवल्यासारखं होतं.

आता ‘दोन’ की ‘दोन्ही’. अरबी द्विवचन स्वतः हा फरक करत नाही, तो ‘अल्’ करतो. ‘बाबैनि’ एवढंच असेल तर ‘दोन दरवाजे’, कुठलेही. ‘अल्-बाबैनि’ असेल तर ते दरवाजे आधीपासून ठाऊक आहेत. आपल्या वाक्यात ‘बाबय’ला ‘अल्’ नाही, पण तो ‘ल्-मख्जन’ला जोडला आहे, आणि संबंध जोडताना दुसऱ्या शब्दाचा निश्चितपणा पहिल्याला मिळतो. अर्थ होतो: गोदामाला दारं दोनच, आणि ती. म्हणून ‘दोन्ही’. गोदामाला पाच दारं असून त्यांतली दोन उघडली असती, तर अरबी लेखकाने ‘बाबैनि मिन अब्वाबि ल्-मख्जनि’ लिहिलं असतं, म्हणजे ‘गोदामाच्या दरवाज्यांपैकी दोन’. तुम्ही ‘गोदामाचे दोन दरवाजे’ लिहिलंत ते या दोहोंच्या मधे लोंबकळतं. वाचणारा विचारू शकतो: बाकीचे?

पण ‘अल्’ दिसला की डोळे झाकून ‘दोन्ही’ लिहू नका. आधीच्या वाक्यात पाच दारं आली, त्यांतली दोन मोडकी निघाली, आणि पुढे ‘अल्-बाबैनि’ आलं, तर ते ‘ते दोन दरवाजे’ होतील. ‘दोन्ही’ म्हणजे दोनाच्या पलीकडे काही उरत नाही. ‘ते दोन’ म्हणजे मघाशी सांगितलेले. इंग्रजीत ‘बोथ’ आणि ‘द टू’ यांत साधारण हीच वाटणी आहे.

इंग्रजीत मी पहिल्या जोडीला ‘द टू’ आणि दुसरीला ‘बोथ’ दिलं, तेही मुद्दाम. दोन्हीकडे ‘बोथ’ ठेवलं तर प्रत्येकीने दोन्ही दारं उघडली, असा वेगळाच वास येतो. अरबीला तसा जोर द्यायचा असता तर त्यासाठी वेगळा शब्द आहे: पुल्लिंगी ‘किला’, स्त्रीलिंगी ‘किल्ता’. तो मूळात दिसला की मराठीत ‘-ही’ जोडून जोर आणा: ‘दोघींनीही’, ‘दोन्हीही’. मूळात नसेल तर आपल्या पदरचा जोर घालू नका.

इथवरची गल्लत वाक्य मोठ्याने वाचलं तर स्वतःला ऐकू येते. खरी वाईट चूक ती, जी मराठीत गोड वाटते. ‘काला’ हे क्रियापद घ्या, म्हणजे ‘ते दोघे म्हणाले’. ‘ला’ दीर्घ आहे, त्यातच द्विवचन. इंग्रजीचा रस्ता धरून ‘दे सेड’ आणि मग ‘ते म्हणाले’ असं झालं, तर मराठी वाचकाला एकच माणूस दिसतो: मंत्री, गुरुजी, सासरे, कोणीतरी मानाचा. आदरार्थी अनेकवचन आपल्याकडे इतकं रुळलं आहे की ‘ते’ आणि ‘तुम्ही’ यांनी संख्या दाखवायचं काम जवळजवळ सोडूनच दिलं आहे. अरबीत दोन साक्षीदार बोलले आणि मराठीत एक प्रतिष्ठित साक्षीदार उरला. वाक्य शुद्ध, ओघवतं आणि साफ चुकीचं. म्हणून माणसांच्या बाबतीत सर्वनाम किंवा नुसतं क्रियापद द्विवचनी असेल, आणि मागच्याच वाक्यात ‘दोघे’ येऊन गेलं नसेल, तर मराठीत ‘दोघे’ किंवा ‘दोघी’ पुन्हा लिहा. इंग्रजीत ‘दे’ चालून जाईल तिथेही मराठीत लिहा. हा एक नियम पाठ झाला तरी पुष्कळ वाचेल.

‘तुम्ही’चं तेच. एखाद्या अर्जावर सहीच्या जागी अरबीत ‘वक्किआ हुना’ असतं, म्हणजे ‘तुम्ही दोघे इथे सही करा’. इंग्रजीत ‘प्लीज साइन हिअर’ केलं की दोघे गेले; ‘बोथ’ घालायलाच हवं. मराठीत ‘इथे सही करा’ केलं तर नवरा सही करून कागद परत देईल आणि बायकोची जागा कोरी राहील. ‘दोघांनी इथे सही करा’ असं हवं. एक बारीक अडचण अशी की अरबी मजकुरात ऱ्हस्व स्वर सहसा लिहिलेले नसतात, आणि स्वर काढले की ‘वक्किआ’, म्हणजे ‘सही करा’, आणि ‘वक्कआ’, म्हणजे ‘दोघांनी सही केली’, अगदी एकसारखे दिसतात. कोऱ्या रेघेशेजारी असेल तर आज्ञा, अहवालात असेल तर भूतकाळ.

आणखी एक फरक माहीत असू द्या. ‘अन्तुमा’, म्हणजे ‘तुम्ही दोघे’, यात अरबी लिंग सांगत नाही, पण मराठीला ‘दोघे’, ‘दोघी’ किंवा ‘दोघं’ यांतलं एक उचलावंच लागतं. ते मागच्या-पुढच्या विशेषणांवरून किंवा नावांवरून शोधा. आणि ‘आम्ही दोघे’ यासाठी अरबीत वेगळं रूपच नाही. ‘नह्नु’ म्हणजे आम्ही, मग दोन असोत की दोनशे. तिथे द्विवचन शोधत बसू नका. उलट मराठीलाच एक जास्तीचा प्रश्न पडतो, तो म्हणजे ‘आम्ही’ की ‘आपण’.

आता वाचनातला सापळा. तो अनुवादाचा नाही, पण अनुवाद त्यानेच बिघडतो. ‘दोन अभियंत्यांना’ म्हणजे ‘मुहन्दिसैन’ आणि ‘अभियंत्यांना’, तीन किंवा जास्त, म्हणजे ‘मुहन्दिसीन’. लिहिताना दोन्हींच्या शेवटी तीच दोन अक्षरं, या आणि नून. फरक फक्त स्वरांचा, आणि स्वर छापलेले नसतात. म्हणजे कागदावरची अक्षरं तुम्हाला दोन की अनेक हे सांगत नाहीत. कर्त्याच्या जागी ही गडबड होत नाही, कारण तिथे ‘मुहन्दिसान’ विरुद्ध ‘मुहन्दिसून’ आणि हे दीर्घ स्वर लिहिलेले असतात.

विशेषण बघून सुटेल असं वाटतं, पण बऱ्याचदा सुटत नाही. ‘इजिप्शियन अभियंत्यांना’ यातल्या ‘इजिप्शियन’लाही तोच शेपूट लागलेला असतो, त्यामुळे शंका एकाच्या जागी दोन होतात. उपयोगी पडतं ते संबंधी सर्वनाम. ‘जे’ या अर्थी पुल्लिंगी अनेकवचन ‘अल्लजीन’ एका लामने लिहितात आणि द्विवचन ‘अल्लजैन’ दोन लामने. अरबीच्या जुन्या लेखनरीतीची ही कृपा. दोन लाम मोजले की काम झालं. ते नसेल तर पुढचं क्रियापद बघा, शेवटी नुसता अलिफ म्हणजे दोघे, वाव आणि अलिफ म्हणजे अनेक. एक वाक्य करून बघू: ‘काबलति ल्-मुवज्जफतानि ल्-मुहन्दिस-न सुम्म गादर-’. मोकळी जागा ठेवली आहे तिथे स्वर माहीत नाहीत असं समजा. ‘दोघी कर्मचारी अभियंत्यांना भेटल्या आणि मग’, पुढे कोण गेलं? ‘गादरता’ असेल तर त्या दोघी गेल्या. ‘गादरा’ असेल तर पुरुष गेले आणि ते दोनच होते, म्हणजे मागचा शब्द ‘मुहन्दिसैन’ वाचायचा. ‘गादरू’ असेल तर पुरुष गेले, ते दोनांपेक्षा जास्त होते, आणि मागे ‘मुहन्दिसीन’. शेवटच्या अक्षरावरून दोन शब्द मागे जाऊन वाचन दुरुस्त करावं लागतं. म्हणूनच अरबी वाक्य पूर्ण वाचल्याशिवाय अनुवादाला हात घालू नये. मराठीत ‘त्या निघून गेल्या’, ‘दोघे निघून गेले’, ‘ते सगळे निघून गेले’ असं तिन्ही वेगळं सांगता येतं. इंग्रजीत तिन्हीकडे ‘दे लेफ्ट’. तिथे कर्ता नावाने सांगा.

ज्या नामांचं अनेकवचन आतून मोडून होतं तिथे ही शंका येत नाही. ‘बाब’चं अनेकवचन ‘अब्वाब’, म्हणून ‘बाब’ला या-नून लागलेलं दिसलं की ते द्विवचनच. स्त्रीलिंगी शब्दांतही तसंच: ‘मुवज्जफतैन’ म्हणजे दोघी, अनेक असत्या तर ‘मुवज्जफात’. शंका फक्त ‘-ऊन/-ईन’ने अनेकवचन करणाऱ्या पुल्लिंगी शब्दांची, आणि ते बहुतेक माणसांचे, व्यवसायांचे असतात.

याच जातीचा आणखी एक शब्द रोज भेटतो. ‘वालिद’ म्हणजे वडील. ‘माझ्या वडिलांना भेटलो’ हे ‘जुर्तु वालिदी’, आणि ‘आई-वडिलांना भेटलो’ हे ‘जुर्तु वालिदय्य’. स्वर काढा, दोन्ही एकच. ‘न’ गळालेलं द्विवचन आणि ‘माझा’ यांनी मिळून ‘वालिदय्य’ हे रूप होतं, पण कागदावर ‘वालिदी’च दिसतं. कर्त्याच्या जागी पुन्हा सुटका आहे, कारण ‘वालिदाय’मधला अलिफ दिसतो. नाहीतर पुढे ‘त्यांना’साठी ‘हुमा’ येतं की ‘हु’, ते बघा. आणि द्विवचन ठरलं की ‘दोन वडील’ असा विचारही मनात आणू नका. अरबीत दोघांपैकी एकाचं नाव घेऊन त्याचंच द्विवचन करायची रीत आहे, तिला ‘तग्लीब’ म्हणतात. त्याच रीतीने ‘दोन चंद्र’, ‘कमरानि’, म्हणजे सूर्य आणि चंद्र. संस्कृत जाणणाऱ्याला हे नवं नाही. ‘पितरौ’ म्हणजे दोन बाप नव्हेत, आई-बाप. मराठीने हे द्विवचन टाकलं, पण त्याची भरपाई जोडशब्दांनी केली. म्हणून ‘वालिदानि’ आई-वडील, ‘कमरानि’ चंद्र-सूर्य. इथे ‘दोन’ कुठेच येत नाही, आणि अनुवाद पूर्ण असतो.

शरीराच्या जोड्यांमध्येही ‘दोन’ गाळा. अरबीला डोळे, हात, पाय एका माणसाचे असले की द्विवचन लावावंच लागतं, कारण ते दोन आहेत. ‘गसल यदैहि’ म्हणजे ‘त्याने हात धुतले’. ‘दोन हात धुतले’ म्हटलं तर तिसरा कुठे ठेवला असं वाटतं. शिवाय मराठीत ‘दोन हात करणं’ म्हणजे भांडण! पण दोरी ‘बि-यदैहि’ धरली असेल तर ‘दोन्ही हातांनी धरली’, कारण तिथे एका हाताने न धरणं हीच सांगायची गोष्ट आहे. एका हाताने ते काम झालं असतं का, असं विचारून बघा. होऊ शकत असेल तर ‘दोन्ही’ लिहा. इंग्रजीतही अगदी हाच हिशेब.

उलट बाजूने मराठी ‘दोन’ ढिला पडतो. ‘दोन घास खाऊन घे’, ‘दोन शब्द बोला’, ‘दोन दिवस थांब, मग बघू’. यांत कोणी मोजत नाही. अरबी द्विवचन मात्र बहुतेक ठिकाणी अगदी नेमकं असतं. ‘बाद यौमैनि’ म्हणजे दोन दिवसांनी, तीन दिवसांनी नव्हे. कथेत ‘दोन दिवसांनी’ पुरेल. करारात, नोटिशीत ‘दोन (2) दिवसांनंतर’ असा आकडा घाला. अरबीतही ढिली द्विवचनं अगदीच नाहीत असं नाही. हजच्या वेळी म्हणतात ते ‘लब्बैक’ परंपरागत व्याकरणकार द्विवचनच मानतात, पण त्याचा अर्थ ‘दोनदा हजर’ असा करत नाहीत, ‘पुन्हा पुन्हा हजर’ असा करतात. अशी ठरीव रूपं मोजकीच आहेत.

जिथे एक प्रत्यय सुटला की नुकसान होतं ती जागा म्हणजे औषधाची चिठ्ठी. ‘हब्बतानि मर्रतैनि यौमिय्यन’. ‘हब्बा’ म्हणजे गोळी, ‘मर्रा’ म्हणजे वेळ, खेप. ‘दोन गोळ्या, दिवसातून दोनदा’, म्हणजे दिवसाला चार. पहिला प्रत्यय सुटला तर दोनच गोळ्या जातात, दोन्ही सुटले तर एकच. आणि अख्ख्या ओळीत ‘दोन’ हा शब्दही नाही, 2 हा आकडाही नाही. अनुवाद तपासताना आकड्यांशी आकडे जुळवून बघायची सवय असेल तर इथे ती कामी येत नाही. मूळात आकडाच नसल्याने चूक असूनही सगळं जुळल्यासारखं दिसतं. अशा मजकुरात मूळ प्रतीवर प्रत्येक द्विवचनाखाली रेघ मारून घ्या. मग प्रत्येक रेघेसाठी मराठीत दोनपैकी एक दाखवता आलं पाहिजे: ‘दोन’चा शब्द इथे आहे, किंवा तो गाळण्याचं हे कारण आहे. हीच पद्धत तुमच्या वाक्याला लावली तर चार रेघा येतील, दोन शब्द येतील, आणि उरलेल्या दोन रेघांना ‘मागे सांगून झालं’ हे कारण मिळेल.

हे सगळं प्रमाण अरबीचं: वर्तमानपत्र, करार, पाठ्यपुस्तक. बोलीत द्विवचन फक्त नामावर टिकलं आहे. क्रियापदं, सर्वनामं, विशेषणं अनेकवचन घेतात. कैरोत ‘दोघी मुली गेल्या’ हे ‘इल्-बिन्तेन राहू’ होतं, नाम दोनचं आणि क्रियापद अनेकांचं. तेव्हा मुलाखतीतलं किंवा नाटकातलं वाक्य असेल तर क्रियापद बघून संख्या ठरवायची वरची युक्ती चालत नाही. ‘राहू’वरून ‘सगळ्या गेल्या’ लिहून मोकळे व्हाल आणि त्या दोघीच असतील. बोलीत ‘-एन’ नामावर दिसलं की तेवढ्यावरच विसंबा, तेही डोळे-हात-पाय सोडून, कारण इजिप्तच्या बोलीत ती रूपं दोनापेक्षा जास्त असली तरी तशीच वापरतात.